गाय गाभडली, ते कुठे लिहायचं?

रुग्ण अर्धा-पाऊण तास बोलतो. डॉक्टर ऐकतात, मधूनमधून टिपून घेतात. काही महिन्यांनी तोच रुग्ण वैद्यकीय नियतकालिकातल्या एखाद्या केस रिपोर्टमध्ये दिसतो, तेव्हा त्याची सगळी हकिकत जेमतेम बारा ओळींत बसलेली असते. मग वाचणारा विचारतो, ‘बाकीचं कुठे गेलं? आणि काय ठेवायचं, काय गाळायचं, हे ठरवलं कुणी?’

बेळगावात हा प्रश्न नुसता कुतूहलाचा नाही. जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय, सरकारी बिम्स आणि शहापूरमधलं १९३३ पासूनचं कंकणवाडी आयुर्वेद महाविद्यालय इथे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना कधी ना कधी केस रिपोर्ट लिहायचा असतो. त्यातला सगळ्यात जास्त वेळा परत येणारा भाग म्हणजे हिस्ट्री, रुग्णाची पूर्वहकिकत. संपादकाचा शेरा बहुधा एकच असतो: पाल्हाळ कमी करा, घटनाक्रम स्पष्ट करा. तो स्पष्ट कसा करायचा, हे मात्र सहसा कुणी बसून शिकवत नाही.

ते एका रुग्णावरून पाहू. हा रुग्ण मी शिकवण्यासाठी रचलेला आहे, कुणा एकाची ही हकिकत नाही. पण त्याचा आजार आपल्या भागातला आहे. बेळगाव-विजापूर पट्ट्यात ब्रुसेलोसिस, म्हणजे गुराढोरांकडून माणसाला होणारा तापाचा आजार, नवा नाही. बी. जी. मंतूर यांच्यासारख्या इथल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी त्यावर वर्षानुवर्षं लिहिलं आहे.

आधी सगळं ऐकून घेऊ

शहापूरच्या यंत्रमागावर काम करणारा सेहेचाळीस वर्षांचा माणूस. मूळ घर निपाणीकडच्या एका गावात. तो बोलतो ते असं:

“पाठीनं जीव नकोसा झालाय बघा डॉक्टर. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला खाली बसताच येईना. ताप त्याच्या आधीपासनं, दसऱ्याच्या तीन-चार दिवस अगोदर धरला. गल्लीतल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, बरं वाटलं, परत आला. मग रक्त तपासलं, टायफॉईड म्हणाले, सात दिवस इंजेक्शनं केली. मधेच मेव्हणीच्या मुलीचं लग्न आलं, जाणं भाग होतं. परत ताप. मशीनमधला फोटो काढला तर मणक्याचा टी.बी. म्हणाले. त्या गोळ्यांनी ताप गेला, पण उलट्या लागल्या, म्हणून बंद केल्या. आता परत ताप.” बायको मधेच म्हणते, “घट बसले तेव्हापासनंच हे गळल्यासारखं करत होते.” आणि उठता उठता, दार ओढताना, तो सहज सांगतो: “गणपतीला गावाकडं होतो तेव्हा गाय गाभडली. वार पडेना. मीच हात घालून काढली.”

माणूस असाच बोलतो. सगळ्यात जास्त दुखतं ते आधी सांगतो, मग आठवेल तसं मागेपुढे जातो. ज्याचा आजाराशी संबंध आहे असं त्याला वाटत नाही, ते शेवटी निघतं, किंवा निघतच नाही.

नवखा लेखक हे सगळं त्याच क्रमाने, फक्त गंभीर भाषेत लिहितो: ‘रुग्णाने दिवाळीच्या सुमारास तीव्र पाठदुखी जाणवल्याचे सांगितले. त्यापूर्वी काही दिवसांपासून त्याला ताप येत होता, ज्यासाठी त्याने स्थानिक डॉक्टरांकडे उपचार घेतले, परंतु पूर्ण आराम पडला नाही. त्यानंतर काही काळाने पुन्हा ताप आल्याने...’ वाक्यं शुद्ध आहेत. पण ‘सुमारास’, ‘काही दिवसांपासून’, ‘काही काळाने’ या शब्दांवर कशाचंच मोजमाप करता येत नाही. पुण्यात किंवा पाटण्यात बसलेल्या वाचकाला या रुग्णाचा आजार मनात पुन्हा उभा करायचा आहे, आणि त्यासाठी त्याच्या हातात काहीच दिलेलं नाही.

शून्य कुठे धरायचा?

पहिलं काम लिहिण्याचं नाही, एक दिवस निवडण्याचं आहे. तो दिवस म्हणजे शून्य. बाकीच्या सगळ्या घटना त्याच्या आधी किंवा नंतर इतक्या दिवसांनी, अशा मांडायच्या. मागावर ताणा नीट लागल्याशिवाय बाण्याचा धागा टाकता येत नाही, तसंच हे.

बहुतेक जण दवाखान्यात भरती झाल्याचा दिवस शून्य धरतात, कारण तो केस पेपरवर छापलेला असतो. सोयीचा असला तरी तो बहुधा चुकीचा दिवस. भरती कधी झाली हे गाडी कधी मिळाली, पैसे कधी जमले, सुट्टी कधी मिळाली यावर ठरतं. आजाराला त्याचं काही देणंघेणं नसतं. शिवाय एकाच अहवालात ‘भरतीच्या १५ दिवस आधी’, ‘ताप आल्यावर १० दिवसांनी’ आणि ‘गेल्या महिन्यापासून’ अशी तीन वेगळी मापं आली की वाचकाला कागदावर बेरीज-वजाबाकी करत बसावं लागतं. एकच शून्य, आणि मोजणी एकाच दिशेने, हा नियम पाळला तर अर्धी गडबड आपोआप मिटते.

आपल्या रुग्णाबाबत शून्य म्हणजे ताप सुरू झाल्याचा दिवस. पण इथे बायकोचं वाक्य आडवं येतं. ती म्हणते, घट बसल्यापासून थकवा होता. मग शून्य थकव्याचा धरायचा की तापाचा? मी तापाचा धरेन. थकवा कधी सुरू झाला हे कुणालाच एका दिवसावर बोट ठेवून सांगता येत नाही. तापाची सुरुवात निदान पडताळून पाहता येते. थकवा गाळायचा नाही, तो शून्याच्या अलीकडे, ‘सुमारे पाच दिवस आधीपासून’ असा लिहायचा.

पंचांग आणि चिठ्ठ्या

आपल्याकडे रुग्ण तारखेने बोलत नाही, सणाने बोलतो. ती अडचण वाटते, पण खरं तर तो फायदा आहे. ‘ऑक्टोबरच्या मधल्या आठवड्यात’ यापेक्षा ‘दसऱ्याच्या तीन-चार दिवस आधी’ हे कितीतरी नेमकं. फक्त त्या वर्षीचं पंचांग समोर हवं. २०२२ मध्ये गणेश चतुर्थी ३१ ऑगस्टला होती. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि ती १९ सप्टेंबरला गेली. पंचांग न पाहता ‘गणपतीत’ म्हणजे ऑगस्टअखेर असं गृहीत धरणारा लेखक इथेच जवळजवळ तीन आठवडे चुकतो. ज्या आजारात जंतू शरीरात शिरल्यापासून ताप येईपर्यंतचा काळ आठवड्यांत मोजतात, तिथे ही चूक निदानच फिरवू शकते.

आपला रुग्ण २०२३ च्या पावसाळ्याअखेरचा आहे असं धरू. घटस्थापना १५ ऑक्टोबरला, दसरा २४ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं. ताप दसऱ्याच्या तीन-चार दिवस आधी, म्हणजे २० किंवा २१ ऑक्टोबरला. आता रुग्णाकडच्या प्लास्टिकच्या पिशवीतल्या चिठ्ठ्या काढायच्या. गल्लीतल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तारीख आहे २३ ऑक्टोबर आणि बाजूला लिहिलंय ‘ताप ३ दिवस’. म्हणजे २० ऑक्टोबर. आठवण आणि कागद एकमेकांशी जुळले, शून्य पक्का झाला.

नेहमीच असं जुळत नाही. भरतीच्या दिवशी घाईत लिहिलेल्या केस पेपरवर याच माणसाचा ताप ‘आठ-दहा दिवसांपासून’ असा नोंदवलेला असू शकतो, कारण विचारणाऱ्याने फक्त या खेपेचा ताप विचारला. अशा वेळी तीन गोष्टींचा क्रम धरावा. ज्या दिवशी घटना घडली त्याच दिवशी लिहिलेला कागद सगळ्यात विश्वासार्ह, त्याखालोखाल सणाला किंवा लग्नाला बांधलेली आठवण, आणि शेवटी ‘झाले असतील महिनाभर’ अशी मोघम आठवण. तरीही मेळ बसला नाही तर दोन्ही लिहावं: रुग्णाच्या सांगण्यानुसार अमुक, नोंदीनुसार तमुक. सरासरी काढून मधला दिवस छापणं ही मात्र सरळ खोटी नोंद. असा दिवस ना रुग्णाने सांगितलेला असतो, ना कुठल्या कागदावर असतो.

आणि गायीचं? गौरीपूजन २२ सप्टेंबरला होतं आणि गाय त्याच दिवशी गाभडली, असं विचारल्यावर त्याने सांगितलं. म्हणजे ताप येण्याच्या २८ दिवस आधी. ब्रुसेलाचा संसर्ग झाल्यापासून ताप दिसेपर्यंत बहुधा दोन ते चार आठवडे जातात, कधी त्याहून बरेच जास्त. दार ओढताना निघालेलं ते वाक्य आता घटनाक्रमातली पहिली ओळ झालं.

औषध कुठे बसतं, त्यावर सगळं

बहुतेक मसुदे इथे फसतात, म्हणून इथे जरा थांबू.

लेखक लक्षणं एका परिच्छेदात लिहितो, तपासण्या दुसऱ्यात आणि औषधं तिसऱ्यात. नियतकालिकांची रचना तशी असते, म्हणून ते बरोबरही वाटतं. पण पूर्वहकिकतीत औषध लक्षणांपासून तोडलं की कुठल्या औषधानंतर काय झालं हे दिसेनासं होतं. वाचकाला नेमकं तेच पाहायचं असतं.

या रुग्णाची औषधं शून्यापासून मोजून मांडू. तिसऱ्या दिवशी पहिल्या डॉक्टरांच्या गोळ्या, पाच दिवस. चिठ्ठीवर नावं वाचता येत नाहीत. नवव्या दिवशी ताप परत. अकराव्या दिवशी विडाल तपासणी पॉझिटिव्ह, टायफॉईड धरून सेफ्ट्रायक्झोनची इंजेक्शनं, सतराव्या दिवसापर्यंत. एकविसाव्या दिवशी ताप पुन्हा, तेविसाव्या दिवशी, लक्ष्मीपूजनाला, पाठदुखी. बेचाळिसाव्या दिवशी एमआरआयमध्ये कमरेचा चौथा आणि पाचवा मणका व मधली चकती सुजलेली दिसली. त्यावरून मणक्याचा क्षयरोग धरला आणि पंचेचाळिसाव्या दिवशी आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही नेहमीची चार औषधं सुरू झाली. आठवडाभरात ताप गेला. त्रेसष्टाव्या दिवशी उलट्या झाल्या, रक्तात यकृताचे आकडे वाढलेले निघाले, औषधं थांबली. एकाहत्तराव्या दिवशी ताप परत आला.

हे सलग वाचलं की एक गोष्ट लक्षात येते, जी पाल्हाळात बुडाली होती. क्षयाच्या औषधांनी ताप गेला, तेव्हा आजार क्षयच असणार, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं. पण त्या चारांतलं रिफॅम्पिसिन ब्रुसेलोसिसवरही चालतं. त्यामुळे ताप उतरला यावरून दोन आजारांत फरक करता येत नव्हता. औषध बंद झाल्यावर आठ दिवसांत ताप परतला, तोही या दोघांपैकी कुठलाही आजार असता तरी परतलाच असता. क्षयाचं निदान कशाच्या जोरावर टिकलं आणि तो जोर किती तोकडा होता, हे वाचक फक्त या क्रमावरूनच ओळखू शकतो. लेखकाला कुणाला दोष द्यावा लागत नाही, खुलासाही करावा लागत नाही.

औषधांबद्दल तीन गोष्टी लिहायलाच हव्यात: नाव, किती दिवस, आणि थांबवलं असेल तर का. नाव माहीत नसेल तर ‘नाव उपलब्ध नाही’ असं लिहावं. ‘लक्षणांनुसार उपचार दिले’ हे वाक्य मात्र कुठेही येऊ नये, कारण त्यातून तो पाच दिवसांचा कोर्स जंतूंवरचा होता की नुसता ताप उतरवणारा, हे कळत नाही. शिवाय रक्त कल्चरला कधी गेलं हेही त्याच मोजणीत बसवावं. आपल्या रुग्णाचं रक्त ऐंशीव्या दिवशी, भरती होताच, नवं औषध सुरू होण्याआधी घेतलं. त्याआधीचं शेवटचं औषध सतरा दिवसांपूर्वी थांबलेलं होतं. हे एक वाक्य वाचलं की जाणकार वाचक कल्चरच्या निकालावर किती भरवसा ठेवायचा ते लगेच ठरवतो.

काय गाळायचं

मेव्हणीच्या मुलीचं लग्न गाळायचं. गोळ्या कुणी आणून दिल्या, रिक्षा मिळाली नाही, शेजाऱ्याने कुठला डॉक्टर सुचवला, सगळं गाळायचं. कसोटी सोपी आहे: हे काढलं तर निदान, औषध किंवा परिणाम यांतल्या कशाबद्दलचं वाचकाचं मत बदलेल का? लग्नामुळे इंजेक्शनं दोन दिवस चुकली असती, तर लग्न नाही, पण चुकलेले दोन दिवस लिहावे लागले असते.

उलट, काही ‘नाही’ लिहावेच लागतात. खोकला नाही, घरात कुणाला क्षय नाही, मधुमेह नाही, कच्चं दूध पीत नाही. मात्र रुग्णाने सांगितलेले सगळेच ‘नाही’ नकोत. ज्या दोन-तीन आजारांमध्ये निवड करायची आहे, त्यांच्याशी संबंध असलेलेच ठेवायचे. ‘बीपी नाही’ इथे काढून टाकता येईल.

शेवट माहीत असणं

लिहायला बसेपर्यंत लेखकाला उत्तर कळलेलं असतं: ब्रुसेलोसिस. मग हात आपोआप वळतो. ‘रुग्णाला चढउतार होणारा ताप येत होता’ असं लिहून जातो, कारण पुस्तकात ब्रुसेलोसिसचा ताप तसा वर्णिलेला आहे. रुग्णाने चढउतार म्हटलंच नव्हतं. तो म्हणाला होता, संध्याकाळी अंग गरम व्हायचं. घरात थर्मामीटरही नव्हता. मग ‘संध्याकाळी अंग गरम लागत असे, ताप मोजलेला नाही’ एवढंच लिहावं. मसुदा झाल्यावर पूर्वहकिकतीतला प्रत्येक शब्द पाहावा आणि विचारावं, हे रुग्ण बोलला, कागदावर होतं, की मला आता माहीत आहे म्हणून मी लिहिलं? तिसऱ्या प्रकारचं सगळं उचलून चर्चेच्या भागात न्यावं.

गायीबाबतही तसंच. ‘वार काढताना रुग्णाला ब्रुसेलाचा संसर्ग झाला’ हे पूर्वहकिकतीत लिहिता येत नाही. हात घालून वार काढली, हातमोजे नव्हते, एवढी घटना आहे. त्या गायीची तपासणी झालेली नाही, तेव्हा संसर्ग तिथूनच आला हा तर्क आहे, आणि तर्काची जागा वेगळी.

आता बारा ओळी

२०१३ पासून केस रिपोर्टसाठी केअर नावाची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यातल्या तेरा मुद्द्यांमध्ये घटनाक्रम हा स्वतंत्र मुद्दा आहे. तो तक्त्यात किंवा आकृतीतही देता येतो. पण तक्ता दिला म्हणून परिच्छेद ढिला ठेवायची मुभा मिळत नाही. आपल्या रुग्णाचा परिच्छेद असा होईल:

‘४६ वर्षांचा यंत्रमाग कामगार. ताप सुरू झाला तो दिवस ० धरला आहे (रुग्णाची आठवण आणि दिवस ३ ची बाह्यरुग्ण नोंद जुळते). दिवस −२८ रोजी गर्भपात झालेल्या गायीची अडकलेली वार त्याने हातमोज्यांशिवाय काढली. सुमारे दिवस −५ पासून थकवा. दिवस ० पासून संध्याकाळी अंग गरम, ताप मोजलेला नाही. दिवस ३ पासून पाच दिवस तोंडावाटे औषध (नाव उपलब्ध नाही), तात्पुरता आराम. दिवस ९ ला पुन्हा ताप. दिवस ११ ला विडाल पॉझिटिव्ह. दिवस ११ ते १७ सेफ्ट्रायक्झोन. दिवस २१ ला ताप परत, दिवस २३ पासून कमरेत तीव्र वेदना. दिवस ४२ च्या एमआरआयवरून मणक्याचा क्षयरोग गृहीत धरून दिवस ४५ पासून चार क्षयरोगविरोधी औषधे. ताप आठवड्यात गेला, वेदना कायम. यकृताचे विकर वाढल्याने दिवस ६३ ला औषधे बंद. दिवस ७१ ला ताप परत. दिवस ८० ला भरती. खोकला, मधुमेह, घरात क्षयरोग, कच्च्या दुधाचे सेवन नाही.’

इथे पूर्वहकिकत संपते. ऐंशीव्या दिवशी घेतलेल्या रक्तात ब्रुसेलाची ॲग्लुटिनेशन तपासणी १:६४० आली (सर्वसाधारणपणे १:१६० पासून पुढे ती अर्थपूर्ण धरतात) आणि ८६ व्या दिवशी कल्चरमध्ये ब्रुसेला वाढला, हे तपासण्यांच्या भागात जातं. यकृताच्या त्रासामुळे रिफॅम्पिसिन टाळून ८३ व्या दिवसापासून डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा १२ आठवडे आणि स्ट्रेप्टोमायसिन रोज १ ग्रॅम तीन आठवडे दिलं, हे उपचारांत. तिथेही मोजणी त्याच शून्यापासून चालू राहते. भरतीनंतर लेखक एकदम ‘उपचाराचा पहिला दिवस’ मोजू लागतात आणि एका अहवालात दोन घड्याळं होतात. तसं करू नये.

दिवसांच्या आकड्यांचा आणखी एक उपयोग आहे. खऱ्या तारखा छापल्या तर रुग्ण ओळखू येतो. गौरीच्या दिवशी निपाणीजवळच्या अमुक गावात गाय गाभडली, हे वाचून गावातला कुणीही नाव सांगेल. ‘दिवस −२८’ म्हटलं की वैद्यकीय अर्थ तसाच राहतो आणि माणूस झाकला जातो. गावाचं नाव काढून ‘उत्तर कर्नाटक’ चालेल. पण ओळख लपवण्यासाठी वय किंवा व्यवसाय बदलणं योग्य नाही. यंत्रमाग कामगाराला शेतकरी केलं, तर रोज गुरांत नसलेल्या माणसाला एका प्रसंगातून हा आजार झाला असावा, ही या अहवालातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्टच निघून जाते. व्यवसायामुळेच ओळख पटेल असं वाटत असेल तर तो गाळून ‘गुरांशी रोजचा संबंध नाही’ असं खरं वाक्य ठेवावं. लेखी संमती घ्यायचीच. आणि ती घेताना परिच्छेद रुग्णाला मराठीत वाचून दाखवावा. त्या बैठकीत तो बहुधा एखादी तारीख दुरुस्त करतो, नाहीतर त्या पहिल्या पाच दिवसांच्या गोळ्यांचं पाकीट घरातून शोधून आणतो.